टेस्ट सर्व्हर क्लाउडवर: साहेबांसाठी एक पान

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या आयटीवाल्यांनो, 'क्लाउडवर जाऊया' म्हटलं की मॅनेजमेंट घाबरते. म्हणून मागणी छोटी ठेवा: ईआरपीचा फक्त टेस्ट सर्व्हर, तीन महिने. प्रॉडक्शनला हात नाही आणि जुना टेस्ट सर्व्हर तोवर तसाच राहील, हे पहिल्याच ओळीत लिहा.

पुढे खर्च. आठवड्याचे तास 168. गुरुवारची सुट्टी सोडून सहा दिवस, रोज 12 तास सर्व्हर चालवला तर 72 तास होतात. म्हणजे मशीनचं भाडं निम्म्याहून कमी. डिस्कचं भाडं मात्र चोवीस तास चालूच राहतं, तो आकडा वेगळा दाखवा.

इथेच बरेच जण फसतात. अझ्युअरवर विंडोजमधून शटडाउन केलं तरी मशीनचं मीटर थांबत नाही. पोर्टलवर Stopped (deallocated) दिसलं पाहिजे. त्यासाठी रात्री आपोआप चालेल अशी ही कमांड लावा:

```
az vm deallocate -g test-rg -n erp-test
```

बजेट अलर्ट फक्त सूचना देतो, स्वतःहून मशीन बंद करत नाही, हेही साहेबांना आधीच सांगा.

डेटाचा प्रश्न येणारच. अझ्युअरचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र पुण्यातच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. पगार, पॅन आणि व्हेंडरचे दर बदलूनच कॉपी वर न्या. वजनकाटा, लेबल प्रिंटर यांच्या चाचण्या कारखान्यातच ठेवा.

शेवटी थांबण्याची अट लिहा: दुसऱ्या महिन्याचं बिल ठरल्या रकमेपुढे गेलं, तर पायलट बंद. माझ्या मते सही याच ओळीवर मिळते.