पुसलेल्या पानाची साक्ष

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियन एअरलाइन्सचे एमएच १७ पाडले गेले आणि २९८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अर्ध्या तासाची वेळ टाकलेली एक नोंद ‘व्हीकाँटाक्टे’ या रशियन समाजमाध्यमावर आली. फुटीरतावादी नेता इगोर गिरकिन ऊर्फ स्त्रेलकोव याच्या नावाच्या पानावर, तोरेझजवळ युक्रेनचे ‘एएन-२६’ विमान पाडल्याचा दावा त्यात होता. पडलेले विमान प्रवासी होते हे कळल्यावर दावा पुसला गेला, पण तोवर ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या वेबॅक मशीनमध्ये पानाची प्रत साठली होती:

```
web.archive.org/web/20140717152222/http://vk.com/strelkov_info
```

पत्त्यातले चौदा आकडे म्हणजे प्रत घेतल्याचे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, तेही ग्रिनिच प्रमाणवेळेत. प्रत १५:२२ ची आणि नोंदीवर वेळ १७:५०, मग हे बनावट नाही का, अशी शंका कुणालाही येईल. पण १७:५० ही मॉस्कोची वेळ आहे आणि तेव्हा मॉस्को ग्रिनिचच्या चार तास पुढे होते. म्हणजे नोंद १३:५० ची आणि विमान पडले १३:२० ला. क्रम नीट जुळतो.

मात्र या प्रतीने सिद्ध होते ते एवढेच, की त्या क्षणी त्या पत्त्यावरून हा मजकूर मिळत होता. लिहिणारा कोण, हे ती सांगत नाही. हे पान गिरकिनचे समर्थक चालवतात, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्तच होता. शिवाय पानातला मजकूर एका वेळी आणि चित्रे दुसऱ्याच दिवशी साठवलेली असू शकतात. वरच्या पट्टीतले `About this capture` उघडले की कोणता तुकडा कधीचा ते दिसते. फोटोवरून निष्कर्ष काढायचा असेल, तर ही तपासणी टाळून चालणार नाही.

मग आपल्याच ब्राउझरचा कॅशे का पाहू नये? जरूर पाहावा, पण आधी इंटरनेट तोडून. जोडलेले असताना पान पुन्हा उघडले, तर जुन्या प्रतीवर नवी चढू शकते. फायरफॉक्समध्ये `about:cache` लिहिले की साठलेल्या फायलींची यादी मिळते. चित्रे बऱ्याचदा सापडतात. मूळ मजकूर मात्र `no-store` अशी सर्व्हरची सूचना असेल तर तिथे नसतोच, आणि जागा कमी पडली की जुन्या फायली आपोआप जातात. त्यातही ही प्रत संगणकाच्या मालकाच्या हातातली असल्याने त्रयस्थाला ती पटवणे अवघड. गूगलच्या शोधनिकालांतून मिळणारी कॅशे प्रत हा मधला मार्ग होता, तोही २०२४ मध्ये बंद झाला.

वेबॅकवर प्रत सापडली नाही, तर पान कधी नव्हतेच असे मात्र ठरत नाही. ते लॉगिनमागे असेल, संग्राहक प्रोग्राम तिथे पोहोचला नसेल, किंवा मालकाच्या विनंतीवरून प्रत काढली गेली असेल.