तक्त्याचं टायपिंग आणि ‘पानाला किती?’ हा प्रश्न

भिलाईत सुपेल्याच्या किंवा पॉवर हाऊसच्या टायपिंगच्या दुकानात तक्त्याचं काम घेऊन आलेला माणूस पहिल्यांदा एकच विचारतो: “पानाला काय घेता?” आणि टायपिंग करणारीही बिचारी अर्जाच्या पानाचा भाव सांगून मोकळी होते. तिथेच दोघांचं बिनसतं. पान हे तक्त्याचं मापच नाही. हे सांगूनही ऐकलं जात नाही, म्हणून एकदा आकड्यांनी दाखवतो.

समजा, कुणा अभ्यासकाला १९६१च्या जनगणनेच्या दुर्ग जिल्हा पुस्तिकेतले गावनिहाय तक्ते एक्सेलमध्ये हवे आहेत. मागणी साहजिक आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९मध्ये सुरू झाली, त्यामुळे कारखान्याने आजूबाजूच्या गावांचं काय केलं ते पाहायला ही जनगणना उपयोगी. शिवाय तेव्हाचा दुर्ग जिल्हा फार मोठा होता. राजनांदगाव १९७३मध्ये वेगळं झालं, बालोद आणि बेमेतरा तर २०१२मध्ये. म्हणजे गावांची यादी लांबलचक. काम १२० पानांचं धरू. पानावर साधारण चाळीस गावं, आणि अभ्यासकाला हवेत बारा रकाने: अनुक्रमांक, गावाचं नाव आणि दहा आकडे.

आता “पानावर शब्द तरी कितीसे आहेत?” हा युक्तिवाद पाहू. शब्द चाळीसच, पण आकड्यांची घरं चारशे. प्रत्येक घरात सरासरी तीन अंक आणि पुढे सरकायला एक टॅब, म्हणजे सोळाशे वेळा कळ दाबायची. नावं आणि अनुक्रमांक मिळवले की आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या डेटा एंट्रीच्या परीक्षेत तासाला ८,००० कळांचा वेग मागतात, आणि तो पंधरा मिनिटांत दोन हजार कळा दाबायला लावून तपासतात. म्हणजे हे एक पान म्हणजे ती अख्खी परीक्षा! पण परीक्षेत पंधरा मिनिटं लागतात म्हणून इथेही पंधराच लागतील, असं मात्र धरू नका. इथे नजर छापील ओळीवरून पडद्यावर जाते, परत येताना ओळ चुकते, पुसट तीन आहे की आठ ते भिंगातून पाहावं लागतं.

मग वेळ काढायचा कसा? नमुन्याची पानं स्वतः टाईप करून, घड्याळ लावून. इथे दुसरी गफलत होते: ग्राहक नमुना म्हणून पहिली तीन पानं पाठवतो. पहिली पानं बहुधा नीट छापलेली असतात आणि एखादं शीर्षकामुळे अर्धं रिकामं असतं. समजा त्यांना २२, १२ आणि २६ मिनिटं लागली. सरासरी २०, १२० पानांचे ४० तास. अंदाज झाला, आणि चुकलाही.

योग्य रीत अशी. आधी सगळी पानं नुसती चाळायची आणि त्यांचे गठ्ठे पाडायचे. आपल्या कामात १०० पानं स्वच्छ निघाली. उरलेल्या २० पानांची झेरॉक्स पुसट आहे किंवा बांधणीत रकाना दबला आहे. मग प्रत्येक गठ्ठ्यातून, सुरुवातीची नाही तर मधूनमधून, पानं उचलायची. चार स्वच्छ पानांना २४, २६, २५ आणि २९ मिनिटं लागली, म्हणजे सरासरी २६. दोन खराब पानांना ४५ आणि ५५, म्हणजे सरासरी ५०. आता हिशेब: शंभर पानांची २,६०० मिनिटं, वीस पानांची १,०००. एकूण ३,६०० मिनिटं, म्हणजे ६० तास. पहिल्या तीन पानांच्या भरवशावर बसलेल्याचे वीस तास इथेच बुडाले असते. ही पानं मोजताना एक पथ्य पाळा: काही पानं तासभर काम झाल्यावरही टाईप करून बघा. ताज्या हाताचा वेग दिवसभर टिकत नाही.

आणि अजून तपासणी राहिलीच. “टाईप करतानाच बघून घ्यायचं, त्याचे वेगळे पैसे कसले?” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. मजकुरातली चूक वाचताना खटकते. ५७३च्या जागी ५३७ पडलं, तर ते वाचून कुणाला कळणार? पण जनगणनेच्या तक्त्यात एक सोय असते: पुरुष अधिक स्त्रिया म्हणजे एकूण लोकसंख्या. सी रकान्यात एकूण, डीमध्ये पुरुष आणि ईमध्ये स्त्रिया असतील, तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढायचं:

```
=IF(D2+E2=C2,"","तपासा")
```

जिथे ‘तपासा’ उमटेल तिथे फरक काढा. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर शेजारचे दोन अंक उलटे पडल्याचा संशय आधी घ्या. ५७३ आणि ५३७ यांच्यात ३६चा फरक आहे, तो याच जातीचा. ज्या रकान्यांना अशी बेरीज नाही, त्यांची खालची बेरीज तहसिलीच्या छापील बेरजेशी ताडायची. तरीही एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका सुटू शकतात. उलट कधी छापील पुस्तकातच बेरीज चुकलेली असते. अशा वेळी आकडा आपल्या मनाने सुधारायचा नाही. छापलेला तसाच ठेवून शेरा लिहायचा.

या सगळ्याला पानामागे नऊ मिनिटं धरली तर १८ तास. रकाने आखणं, शीर्षकं लावणं आणि ग्राहकाशी ठरवाठरवी यांचे दोन तास. एकूण ८०. मान आणि डोळे शाबूत ठेवून दिवसाला पाच तास खरं काम होतं, म्हणजे सोळा दिवस. “चार दिवसांत द्या” म्हणणाऱ्याला हेच दाखवायचं.

तासाचा दर ज्याचा त्याने ठरवावा. राज्याच्या श्रम विभागाने कुशल कामाला जाहीर केलेलं किमान वेतन हा तळ, त्यावर संगणक, वीज आणि काम नसलेल्या दिवसांचा भार. उदाहरणापुरते तासाला १०० रुपये धरले तर कामाचे ८,००० होतात. ग्राहक २० रुपये पानाने २,४०० देऊ करत असेल, तर तो तासाला ३० रुपये देतो आहे. त्याला पानाचाच भाव हवा असेल तर दोन भाव सांगा: स्वच्छ पानाला ६० आणि खराब पानाला १००. टायपिंग, तपासणी आणि तयारी धरून स्वच्छ पान ३६ मिनिटांचं, खराब पान तासाचं, आणि बेरीज त्याच ८,०००वर येते. खराब पानांचा नमुना दोनच पानांचा आहे, म्हणून ‘७५ ते ९० तास’ असा पल्ला लिहून द्यावा. ठाम एकच आकडा देऊ नये.

बाकीचे समज थोडक्यात. “स्कॅन करून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर फुकटात करेल”: त्याच सहा पानांवर चालवून बघा आणि दुरुस्तीचा वेळ मोजा. स्वच्छ छपाईवर फायदा होईलही, पुसट पानावर रकानेच सरकतात. “रेघ आणि शून्य एकच”: नाही. रेघ, रिकामं घर आणि शून्य काय लिहायचं, ते सुरुवातीलाच ठरवून घ्या. “हिंदी नावं कृतिदेवमध्ये चालतील”: छापायला चालतील, पण कृतिदेवच्या अक्षरांमागे इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे गावांची यादी अकारविल्हे लागत नाही. युनिकोड मागा. “नंतर एखादा रकाना वाढवला तर काय झालं?”: एक रकाना म्हणजे १२० पानं पुन्हा उलटणं, त्याचा भाव वेगळा. आणि कुणी ‘घरबसल्या टायपिंग’ देतो म्हणून आधी नोंदणीचे पैसे मागत असेल, तर अंदाजपत्रक करत बसू नका, तिथून उठा.