सात गुणांची चक्रे: 2013 ते 2020 च्या वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नांचा मागोवा

राज्य मंडळाच्या बारावी जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 2013 ते 2020 या काळात वनस्पतिशास्त्राचा विभाग 35 गुणांचा असे आणि त्यात प्रकाशसंश्लेषण व श्वसन ही दोन प्रकरणे असत. पुढे नवा अभ्यासक्रम आला, दोन्ही प्रकरणे अकरावीत गेली आणि बारावीच्या बोर्डाच्या पेपरातून ती दिसेनाशी झाली. आता त्यांवरचे प्रश्न महाविद्यालयांच्या अंतर्गत परीक्षांत आणि नीटमध्ये येतात. पण दीर्घ उत्तर कसे लिहावे, हे शिकायचे तर त्या आठ वर्षांचे जुने पेपरच उपयोगी पडतात. नीट नुसता पर्याय निवडायला लावते, टप्पे लिहून घेत नाही.

ते पेपर शेजारी शेजारी ठेवले की प्रश्नांची विविधता वाटते त्यापेक्षा कमी निघते. एखाद्या वर्षी संपूर्ण केल्विन चक्र सात गुणांना यायचे, एखाद्या वर्षी क्रेब्ज चक्र. कधी त्याच चक्राचा एक तुकडा दोन-तीन गुणांना: अचक्रीय प्रकाशफॉस्फोरीकरण समजावून सांगा, ग्लायकोलिसिसचे रेखाटन द्या, चक्रीय आणि अचक्रीय यांतला फरक लिहा. एका गुणाला विकराचे नाव, नाहीतर क्रिया पेशीत कुठे घडते ते. थोडक्यात, प्रश्न लहान असो वा मोठा, विचारणा तीन गोष्टींचीच असे: काय आत गेले, काय बाहेर आले आणि हे कुठे घडले. या तिन्ही गोष्टी प्रत्येक टप्प्यावर लिहिणारा विद्यार्थी कुठल्याही प्रश्नाला उत्तर देऊ शकत होता. पुस्तकातली आकृती डोळ्यांसमोर आणून ती हुबेहूब उतरवणारा मात्र तुकड्याचा प्रश्न आला की अडखळायचा, कारण आकृती मधूनच सुरू कशी करायची हेच त्याला ठाऊक नसे.

केल्विन चक्रावरून हे चांगले कळते. मेल्विन केल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन-14 वापरून हा मार्ग शोधला आणि 1961 मध्ये केल्विन यांना नोबेल मिळाले. हे एका ओळीत लिहिले तरी पुरते. स्थळ आधी लिहावे: हरितलवकाचा स्ट्रोमा. त्यानंतर लगेच स्पष्ट करावे की आपण चक्राचे सहा फेरे एकदम मोजत आहोत, कारण एक ग्लुकोज तयार व्हायला कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू लागतात. उत्तरे बहुधा इथेच घसरतात. पहिल्या ओळीत एका फेऱ्याचे आकडे आणि शेवटच्या ओळीत सहा फेऱ्यांचे, अशी सरमिसळ होते आणि मधल्या कार्बनचा हिशेब जुळत नाही.

हिशेब असा मांडता येतो. पहिला टप्पा कार्बॉक्सिलीकरणाचा. पाच कार्बनचे सहा रिब्युलोज बिसफॉस्फेट आणि कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू रुबिस्कोच्या मदतीने एकत्र येतात आणि तीन कार्बनच्या फॉस्फोग्लिसरिक आम्लाचे बारा रेणू होतात. तीस अधिक सहा म्हणजे छत्तीस, बारा त्रिक छत्तीस. कार्बन जुळला. दुसरा टप्पा क्षपणाचा. हे बारा रेणू बारा एटीपी वापरून बिसफॉस्फोग्लिसरिक आम्ल होतात आणि मग बारा एनएडीपीएच वापरून ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेट. या बारांपैकी दोन बाहेर पडतात. त्यांचे सहा कार्बन म्हणजेच आपले ग्लुकोज. उरलेल्या दहा रेणूंत तीस कार्बन असतात. तिसऱ्या, म्हणजे पुनर्निर्मितीच्या टप्प्यात त्यांच्यापासून पुन्हा पाच कार्बनचे सहा रिब्युलोज बिसफॉस्फेट बनतात आणि त्यात आणखी सहा एटीपी खर्च होतात. एकूण अठरा एटीपी आणि बारा एनएडीपीएच.

पुनर्निर्मितीत एरिथ्रोज, सेडोहेप्ट्युलोज, झायल्युलोज अशी शर्करांची लांबलचक रांग येते. ती सगळी लिहून पान भरणाऱ्यांची मला नेहमी कीव यायची. सात गुणांसाठी ‘दहा त्रिकार्बनी रेणूंपासून सहा पंचकार्बनी रेणू’ हे विधान आणि सहा एटीपीचा उल्लेख पुरेसा असे. सगळी नावे आहेत, पण तीस कार्बनचा पत्ता नाही, असे उत्तर मला तरी अपुरेच वाटते.

प्रकाश अभिक्रियेच्या उत्तरातली चूक वेगळ्या जातीची. अचक्रीय मार्ग प्रकाशप्रणाली-2 पासून सुरू होतो आणि प्रकाशप्रणाली-1 नंतर येते. हे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले आहेत, इलेक्ट्रॉनच्या वाटचालीच्या क्रमाने नव्हे. त्यामुळे अनेक जण बाण एकपासून काढत आणि पाण्याचे विघटन मग नेमके कुठे दाखवायचे हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राही. पाणी दोनला इलेक्ट्रॉन पुरवते, ते वाहकांच्या साखळीतून एककडे जातात आणि शेवटी एनएडीपीकडे पोचतात, एवढा क्रम पक्का असला की बाकीची नावे जागेवर बसतात. सुटणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. 1941 मध्ये रुबेन आणि केमन यांनी ऑक्सिजन-18 ने ते दाखवले. म्हणूनच नीट लिहिलेल्या समीकरणात डावीकडे पाण्याचे बारा रेणू असतात, सहा नव्हेत.

श्वसनात मुलांना नेमके काय नडायचे ते ग्लायकोलिसिसमध्ये लख्ख दिसते. ही क्रिया पेशीद्रव्यात होते. ग्लुकोजला फॉस्फेट जोडताना एक एटीपी जातो, फ्रुक्टोज फॉस्फेटला दुसरा फॉस्फेट जोडताना आणखी एक. मग अल्डोलेज सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन रेणू करते. या ओळीच्या खाली जाड रेघ मारावी आणि तिच्याशेजारी ‘यापुढे सर्व दोनदा’ असे लिहून ठेवावे. ती रेघ नसली तर पुढे मिळणारे एटीपी दोनच मोजले जातात, आणि दोन खर्च वजा केले की निव्वळ फायदा शून्य येतो. तसा शून्य आला की चूक रेघेपाशीच आहे हे लगेच ओळखता येते. खरे पाहता पुढे चार एटीपी तयार होतात, निव्वळ दोन उरतात. सोबत दोन एनएडीएच आणि दोन पायरुव्हिक आम्लेही.

पुढचा हिशेब किराण्याच्या वहीसारखा ओळीओळीने ठेवावा. पायरुव्हिक आम्लापासून असेटिल कोएन्झाइम-ए होताना दोन एनएडीएच मिळतात आणि दोन कार्बन डायऑक्साइड सुटतात. क्रेब्ज चक्राचे दोन फेरे होऊन सहा एनएडीएच, दोन एफएडीएच-2 आणि दोन एटीपी मिळतात, चार कार्बन डायऑक्साइड सुटतात. दोन अधिक चार म्हणजे सहा. ग्लुकोजमधले सहाही कार्बन बाहेर पडले. तंतुकणिकेच्या आतील पटलावर एका एनएडीएचला तीन आणि एफएडीएच-2 ला दोन एटीपी धरले, तर दहा एनएडीएचचे तीस, दोन एफएडीएच-2 चे चार आणि थेट मिळालेले चार, असे मिळून 38 होतात.

याच आकड्यावरून सर्वांत जास्त वाद झाले. पेशीद्रव्यातले दोन एनएडीएच तंतुकणिकेत थेट शिरू शकत नाहीत. काही पेशींत त्यांचे इलेक्ट्रॉन एफएडीकडे दिले जातात आणि बेरीज 36 वर येते. आता जैवरसायनाची पुस्तके अडीच आणि दीड एटीपी असे दर धरतात, त्या हिशेबाने 30 ते 32 निघतात. ज्या उत्तरात नुसता शेवटचा आकडा असतो, ते तपासणाऱ्याच्या हातातल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर किंवा चूक ठरते. दर आधी लिहून मग बेरीज मांडली असेल, तर आकडा कुठून आला हे तपासणाऱ्याला ओळीओळीने दिसते आणि त्याला टप्प्यांचे गुण देता येतात.