टोकापासून मोजलेली पट्टी

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात किंवा सोसायटीच्या गच्चीवर राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा एक गोष्ट नक्की ऐकून पाहा. पहिला सूर कोणीतरी उचलतो. तो बहुधा त्याला बोलताना सोपा वाटणारा सूर असतो. गाणं बराच वेळ मजेत चालतं आणि शेवटच्या जयघोषाशी आलं की निम्मे आवाज गप्प होतात, काही ओरडू लागतात, दोन-चार जण सरळ खालच्या सप्तकात उतरतात. राष्ट्रगीताची चाल षड्जावर सुरू होते, मध्ये जेमतेम मंद्र निषादापर्यंत खाली जाते, आणि शेवटच्या जयघोषात तार षड्जाला पोचते. म्हणजे सुरुवातीच्या सुरावर पूर्ण एक सप्तक मोकळं लागतं. तेवढी जागा वर शिल्लक आहे का, हे उचलणाऱ्यानं पाहिलेलंच नसतं.

हौशी गाण्याच्या कार्यक्रमात नेमकं हेच होतं. गाणारा म्हणतो, "जरा सूर द्या", पहिली ओळ गुणगुणतो, पेटीवाला त्याच्यामागे पट्टी शोधतो, सापडली की तालीम सुरू. पेटीवर साथ करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे की पट्टी चुकते ती बहुतेक वेळा याच क्षणी. पहिली ओळ हा गाण्याचा सगळ्यात फसवा भाग. जुन्या भावगीतांत आणि चित्रपटगीतांत मुखडा मध्य सप्तकात रमतो, अंतरा वर जातो आणि ध्रुवपदाकडे परत येतो. अलीकडच्या गाण्यांत उलटं असतं. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, अगदी खाली, आणि लोकांना पाठ असलेलं ध्रुवपद एकदम सहा-सात पट्ट्या वर. अशा गाण्याची पट्टी पहिल्या ओळीवरून ठरवली की ध्रुवपदाला गळा आवळलाच म्हणून समजा.

म्हणून उलट्या बाजूनं निघायचं. आधी गाण्याचं शिखर शोधायचं, मग आपल्या आवाजाचं, आणि दोन्ही जुळवून त्यावरून षड्ज कुठे येतो ते मोजायचं.

आवाजाचं शिखर शोधताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. गळ्यातून कसाबसा निघणारा शेवटचा सूर वेगळा आणि ज्यावर शब्द उभा राहतो तो सूर वेगळा. थोडा रियाझ करून, आवाज तापल्यावर, पेटीवर एकेक पट्टी चढत 'आ' लावत जायचं. काळी-पांढरी भेद न करता शेजारची पट्टी, अशा सप्तकात बारा. चढताना आरसा समोर असला तर उत्तम. कुठेतरी हनुवटी वर उचलली जाते, भुवया ताणल्या जातात आणि आवाज आपोआप मोठा होतो. तिथे थांबायचं. तोच सूर निम्म्या आवाजात लावून पाहायचा. हळू लागत नसेल, फक्त जोरानंच लागत असेल, तर तो आपला नाही. तिथून दोन पट्ट्या खाली या, ते आपलं कामाचं टोक. खालच्या बाजूला सूर हवेत विरायला लागेपर्यंत उतरायचं. हे सगळं कार्यक्रमाच्या वेळेलाच करावं, कारण सकाळी उठल्या उठल्या आवाज भारी असतो. तेव्हा खालचे सूर फसवे चांगले लागतात आणि वरचे चोरटे होतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्याकडे गाणाऱ्या एका काकूंना कराओकेवर एक चित्रपटगीत म्हणायचं होतं. मूळ गाणं काळी एकमध्ये. पेटीवर बसून चाल काढली तर सगळ्यात खालचा सूर मंद्र धैवत निघाला आणि सगळ्यात वरचा तार ऋषभ, तोही नेमका ध्रुवपदात. षड्ज काळी एक धरला तर तार ऋषभ वरच्या काळी दोनवर येतो. फोनवरच्या ट्यूनरमध्ये तो D#5 दिसतो. काकूंचं कामाचं टोक वरच्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे C5. पांढरी दोन त्या ओढूनताणून गाठत, काळी दोन नाहीच. खाली त्यांचा आवाज खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपर्यंत ठसठशीत होता आणि पांढरी चारपर्यंत कसाबसा ऐकू येत होता.

हिशेब सोपा आहे. तार ऋषभ पांढरी एकवर आणायचा. ऋषभापासून षड्ज दोन पट्ट्या खाली, म्हणजे तार षड्ज काळी पाचवर. तर मग षड्ज खालच्या काळी पाचचा. काळी एकवरून पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच, असं तीन पट्ट्या उतरलो. मंद्र धैवत षड्जाच्या तीन पट्ट्या खाली असतो, तो आला पांढरी पाचवर, काकूंच्या ठसठशीत सुरापर्यंत. कागदावर सगळं चपखल बसलं.

गाऊन पाहिलं तर बसलं नाही. त्या ध्रुवपदात तार ऋषभाला नुसता स्पर्श नव्हता. ओळीचं शेवटचं अक्षर दीर्घ 'ई'चं होतं आणि ते तिथेच दोन-तीन मात्रा धरायचं होतं. 'आ'वर मोकळा लागलेला सूर 'ई'वर बारीक आणि टोकदार झाला, आणि तिसऱ्या वेळी ध्रुवपद आलं तेव्हा सूर किंचित उतरला. 'आ'वर केलेली चाचणी पुरत नाही ती इथे. चाचणी खऱ्या शब्दांवर, आणि तीही सलग तीनदा ध्रुवपद म्हणून करावी लागते. पहिल्यांदा लागलेल्या सुरावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, ताजेपणात बरंच काही लागून जातं.

मग आणखी एक पट्टी खाली, पांढरी सहा. टोक आलं पांढरी सातवर आणि 'ई' सैल झाला. खालचा धैवत मात्र काळी तीनवर गेला, तिथे काकूंचा आवाज हवेशीर होता. हा तोटा आम्ही मुद्दाम पत्करला. खालचा हलका सूर माइक जवळ धरून आणि ध्वनीवाल्याला सांगून वाचवता येतो. वरचा ताणलेला सूर कुठलाही माइक सैल करू शकत नाही, उलट ताण अधिक स्वच्छ ऐकवतो. दोन टोकांत एकाचं बलिदान द्यावंच लागलं तर खालचं द्यावं, असं मी म्हणतो. अर्थात ओळीचा सगळा भाव खालच्या सुरांवर असेल तर हा न्याय लागू नाही, मग ते गाणंच आपलं नव्हे.

आणखी एक गोष्ट नुसत्या टोकावरून कळत नाही. दोन गाण्यांचं टोक एकच असतं, पण एकात चाल तिथे एकदा जाऊन येते आणि दुसऱ्यात अख्खं ध्रुवपद तार षड्जाच्या आसपास मुक्काम करतं. पहिल्याला कामाचं टोक पूर्ण वापरायला हरकत नाही. दुसऱ्याला एक-दोन पट्ट्या आणखी खाली लागतात, नाहीतर एकही सूर चुकलेला नसताना शेवटी घसा बसतो. चाल कुठे राहते ते पाहायचं असेल तर ध्रुवपद म्हणताना बोटानं पेटीवर सूर दाबत जा. बोटं वरच्याच तीन-चार पट्ट्यांवर घुटमळत असतील तर उत्तर मिळालं.

इथे एक समजूत मोडावी लागते. "माझी पट्टी काळी एक", असं पुरुष गवई सांगतात, बायका काळी चार किंवा काळी पाच सांगतात, आणि मग सगळी गाणी त्याच पट्टीत म्हणतात. शास्त्रीय गाण्यात ते बरोबरच आहे, तिथे गाणारा राग आपल्या आवाजाप्रमाणे मांडतो. बांधून दिलेल्या चालीत टोक आधीच ठरलेलं असतं. खुद्द आपल्या परंपरेतही याची सोय आहे. पहाडी, मांड अशा धुनांत चाल मंद्र आणि मध्य सप्तकात जास्त फिरते, तेव्हा काळी एकचा गवई आपला मध्यम, म्हणजे काळी तीन, हाच षड्ज धरून गातो. आवाज तोच, पट्टी पाच घरं वर.

पुरुष बाईचं गाणं म्हणतात तेव्हा वेगळीच गंमत होते. मूळ पट्टी तशीच ठेवून ते सहज एक सप्तक खाली म्हणतात. मूळ गाणं काळी पाचचं असेल तर पुरुषाचा षड्जच फार खाली जातो आणि मुखडा पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. तीन पट्ट्या वर, काळी एकला आणलं की गाणं उघडतं. कराओकेच्या यंत्रावर खाली जायचं बटन सगळ्यांना माहीत असतं, वर जायचं कोणी दाबत नाही. त्याचं कारण मला आजवर कळलेलं नाही.

पट्टी ठरली की ती साथीदारांना आधी कळवावी लागते, आणि हौशी मंडळी हे हमखास विसरतात. स्केलचेंजर पेटी असेल तर पेटीवाला पट्ट्या सरकवून नेहमीच्याच बोटांनी वाजवेल, कीबोर्डवाला ट्रान्सपोज करेल. तबलजीचं तसं नाही. दायाँ गजऱ्यावर हातोडी मारून आणि गठ्ठे सरकवून एखाद-दुसरी पट्टी हलतो, पुढे पुडी ढिली पडते किंवा फुटण्याइतकी ताणली जाते. काळी एकचा तबला घेऊन आलेल्याला ऐनवेळी "पांढरी सहा" सांगितलं तर तो बसवून देईल, पण तबल्याचा सूर षड्जाला मिळणार नाही. मग तो पंचमाला किंवा मध्यमाला मिळवायचा मार्ग काढावा लागतो. पांढरी सहाचा पंचम पांढरी तीन आणि मध्यम पांढरी दोन. काळी एकचा तबला एक पट्टी चढवून पांढरी दोनला येतो, म्हणून त्या दिवशी आमच्या तबलजीनं मध्यम धरला असता. पण गाणं कराओकेवर होतं, तबला ध्वनिफितीतच होता.

त्या ध्वनिफितीला चार पट्ट्या खाली उतरवलं तेव्हा मात्र ढोलकीचा ठेका मातीत पडल्यासारखा जड झाला. तीन-चार पट्ट्यांपलीकडे हे जाणवतंच, आणि त्याला उपाय म्हणजे त्याच गाण्याची मुळातच खालच्या पट्टीत बनवलेली फीत शोधणं. काकूंना ती पांढरी सातमध्ये मिळाली. तिथून पांढरी सहाला यायला दोनच पट्ट्या उतरवाव्या लागल्या आणि ठेका पुन्हा हलका वाजला.