पानाची मांडणी – लेखांक ७ : न पाहिलेला रेझ्युमे

मागच्या लेखांकात समास आणि ओळीची लांबी पाहिली. या आठवड्यात स्तंभ घ्यायचे होते, पण मध्येच एक फोन आला आणि तोच विषय होऊन बसला.

माझी भाची नवा रायपूरला हॉस्टेलवर असते, मी इकडे जुन्या शहरात, तात्यापाऱ्यात. तिने नोकरीसाठी केलेल्या रेझ्युमेचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. मोबाइल हातात घेईपर्यंत मेसेज डिलीट झालेला. फोन लावला. म्हणाली, "मामा, बाबा ओरडले. तुमच्यासोबत मी अजून पाच-सहा सीनियर्सनाही पाठवला होता ना. त्यात मोबाइल नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता, फोटो सगळंच होतं. सगळीकडून काढून टाकला. पण तुम्ही सांगा ना, काहीतरी जमून नाही राह्यलं त्यात."

बाबांचं बरोबरच होतं. आता प्रश्न माझा होता: पान न बघता त्याबद्दल काय सांगणार? म्हटलं, "तोंडी सांग कसं आहे ते."

"दोन कॉलम आहेत. डावा निळा आहे. क्लीन आहे, मॉडर्न लुक आहे, पण थोडं भरल्यासारखं वाटतं."

या वर्णनावरून दहा जण दहा वेगवेगळी पानं काढतील. 'क्लीन', 'मॉडर्न', 'भरल्यासारखं' ही पानाची माहिती नव्हे, पानाबद्दलचं तिचं मत आहे. त्यावर मी उत्तर दिलं तर ते मतावरचं मत होईल. हे लक्षात आणून दिल्यावर ती दुसऱ्या टोकाला गेली: "वर नाव, मग ऑब्जेक्टिव्ह, मग एज्युकेशन, मग ट्रेनिंग..." ही अनुक्रमणिका झाली. पानात काय आहे ते कळलं. कुठे आहे आणि किती जागा खाऊन बसलंय ते कळलं नाही. बहुतेक लोक या दोन टोकांमध्येच अडकतात.

पूर्वी वर्तमानपत्रात पान लावण्याआधी त्याची 'डमी' आखत. पानाच्या आकाराच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन काढायचे, कुठे मथळा, कुठे फोटो, कुठे जाहिरात, आणि मजकुराच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. मी एक कोरा ए-फोर कागद ओढला आणि तिला म्हटलं, "तू डमी सांग, मी काढतो. पट्टी घे." तिच्याकडे प्रिंट होती. आधी विचारून घेतलं की प्रिंट 'ॲक्च्युअल साइज'वर काढली होती की 'फिट टू पेज'वर. दुसऱ्यात पान थोडं आक्रसतं आणि सगळी मापं खोटी निघतात. तिची ॲक्च्युअल होती.

मग मापं येऊ लागली. पान २१० मिमी रुंद, २९७ उंच. डावा निळा पट्टा ७० मिमी, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. पट्ट्याच्या आत मजकुराच्या डावीकडे १२ मिमी आणि उजवीकडे ८ मिमी मोकळी जागा. उजव्या भागात पट्ट्यापासून ८ आणि कागदाच्या कडेपासून १२. अक्षर सगळीकडे ११ पॉइंट, फक्त नाव २८ पॉइंट.

एवढं कागदावर उतरवल्यावर मी विचारलं, "डावीकडे तुझा ई-मेल दोन ओळींत मोडलाय का?"

दोन क्षण शांतता. "तुम्हाला कसं कळलं?"

यात जादू काही नाही, मागच्या लेखांकातलाच हिशेब आहे. ७० मधून १२ आणि ८ वजा केले की मजकुराला ५० मिमी उरतात. रोमन लिपीतलं एक अक्षर सरासरी आपल्या पॉइंट मापाच्या निम्मं रुंद धरायचं: ११ पॉइंटचं साडेपाच पॉइंट, म्हणजे १.९ मिमीच्या आसपास. ५० मिमीत अशी २६ अक्षरं मावतात. आपल्याकडच्या पोरांचे ई-मेल नाव, टिंब, आडनाव, जन्मसाल आणि मग @gmail.com असे असतात. तिचा ३१ अक्षरांचा निघाला. तो मोडणारच होता. उजवीकडे २१० मधून ७०, ८ आणि १२ गेले की १२० मिमी राहतात, त्यात सुमारे ६२ अक्षरांची ओळ बसते. वाचायला ती चांगली. म्हणजे दुखणं डावीकडेच होतं.

अक्षर ९ पॉइंट केलं तर ई-मेल काठावर मावला असता. तिने तसंच करायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, कारण त्या पट्ट्यात अडचण एकट्या ई-मेलची नव्हती. ३५ बाय ४५ मिमीचा फोटो, मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं नाव, मातृभाषा, स्किल्सच्या पाच पट्ट्या, छंद, एवढं सगळं त्या ५० मिमीत कोंबलेलं. वडिलांचं नाव आणि जन्मतारीख लग्नाच्या बायोडाटात शोभतात. नोकरीच्या कागदावर आपल्याकडे ती सवयीने येतात. आणि स्किल्सच्या पट्ट्या! 'एक्सेल' पुढची पट्टी ऐंशी टक्के भरलेली. कशाच्या ऐंशी टक्के, हे कुठल्याही रेझ्युमेत लिहिलेलं मी आजवर वाचलेलं नाही.

आता उजवी बाजू. इथे मी फक्त एक गोष्ट विचारली: प्रत्येक भाग वरून किती मिमीवर सुरू होतो? नाव आणि त्यावरचा समास मिळून ३० पर्यंत. ऑब्जेक्टिव्हच्या पाच ओळी ६५ पर्यंत. शिक्षणाचा चार रांगांचा तक्ता १२५ पर्यंत. ट्रेनिंग १६५ पर्यंत. प्रोजेक्ट १७० वर सुरू. त्याखाली 'मी जाहीर करते की वरील माहिती खरी आहे', स्थळ रायपूर, तारीख, सही, असं सगळं २३५ वर संपतं.

"त्याच्या खाली काय आहे?"

"काही नाही."

रिकामी जागा कोणी सांगत नाही. सांगायला तिथे काही नसतंच ना! पण २३५ पासून २९७ पर्यंत सहा सेंटिमीटर उंच, उजव्या भागाइतकी रुंद कोरी जागा होती, आणि शेजारचा निळा पट्टा तळापर्यंत खच्चून भरलेला. तिचं 'भरल्यासारखं वाटतं' हे डाव्याच बाजूबद्दल खरं होतं. आणि पानाचा मध्य येतो १४८ वर. दोन महिने राबून केलेला प्रोजेक्ट, ज्याच्या जोरावर तिला बोलावणं यायचं, तो मध्याच्याही खाली, ऑब्जेक्टिव्ह आणि दहावीच्या टक्क्यांच्या मागे उभा होता.

हे मला सांगावं लागलं नाही. १७० हा आकडा वाचताना तीच म्हणाली, "अरे, हा तर फारच खाली आहे." स्क्रीनशॉट माझ्या हाती लागला असता तर मी 'प्रोजेक्ट वर घे' म्हटलं असतं, आणि तिने घेतला असता. तिचं तिला दिसलं नसतं.

शब्दांना जिथे मर्यादा आहे ती जागा म्हणजे रंग. 'गडद निळ्यावर फिकट राखाडी अक्षरं' यावरून ती वाचता येतात की नाही हे मला कळणार नाही. पण रंगाचा कोड वाचून दाखवता येतो. पट्टा `#1F3A5F`, अक्षरं `#8A8A8A`. वेबवरच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, ते साध्या आकाराच्या अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका फरक मागतात. हा फरक मोजणारी साधनं फुकट मिळतात, दोन कोड टाकले की झालं. तिच्या जोडीचा आला ३.३. त्याच निळ्यावर पांढरं अक्षर ठेवलं तर तो ११ च्या वर जातो. छपाईच्या दुकानात प्रिंटर जुना असेल तर राखाडी अक्षरं निळ्यात बुडून जातात हे मी रोज बघतो, पण इथे न बघताही उत्तर मिळालं. अक्षराचं वळण किंवा दोन ओळींमधली घुसमट मात्र फोनवर कळत नाही. त्याबद्दल मी काही बोललो नाही.

शेवटी एक चाचणी करायला लावली. पीडीएफ उघडायची, `Ctrl+A`, `Ctrl+C`, मग नोटपॅडमध्ये `Ctrl+V`. जे उतरतं ते मला वाचून दाखवायचं. तिने वाचलं: नाव, मग लगेच 'मोबाइल', मग ऑब्जेक्टिव्हची अर्धी ओळ, मग पत्त्याचा तुकडा, मग उरलेली ओळ. दोन्ही कॉलम एकमेकांत शिरलेले. सगळ्याच दोन-कॉलमी फाइलींचं असं होत नाही, ती फाइल कशी बनली यावर ते असतं. पण अर्ज आधी यंत्राने वाचणाऱ्या कंपन्यांकडे हा रेझ्युमे गेला असता तर त्यांना साधारण हीच खिचडी मिळाली असती. हा दोष कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये दिसला नसता.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, नाव-नंबर झाकून चित्र पुन्हा पाठवायचं. जरूर पाठवा, पण दोन ठिकाणी फसगत होते. मोबाइलमधल्या हायलायटरने फासलेलं काळं बरेचदा अर्धपारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की खालचा नंबर वर येतो; आणि पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर तसाच राहतो, कॉपी होतो. दुसरं म्हणजे लोक खऱ्या ई-मेलच्या जागी abc@gmail.com लिहितात. तेरा अक्षरांचा तो पत्ता त्या ५० मिमीत मजेत बसतो, आणि मोडणारी ओळ कोणाला दिसतच नाही. बदलायचं तर तेवढ्याच अक्षरांचं खोटं नाव घ्यावं.

फोन ठेवताना मी तिला सांगितलं की त्या सीनियर्सना हेच लेखी पाठव. तिने पाठवलेला मजकूर तिच्या परवानगीने देतो:

"ए-फोर, एकच पान. डावीकडे ७० मिमीचा गडद निळा पट्टा, त्यात फोटो, संपर्क, स्किल्स, पूर्ण भरलेला. ई-मेल दोन ओळींत मोडतो. उजवीकडे १२० मिमीचा मजकूर, पांढऱ्यावर काळा, ११ पॉइंट. सर्वांत मोठं माझं नाव, २८ पॉइंट. प्रोजेक्ट वरून १७० मिमीवर सुरू होतो. उजवीकडे तळाचे ६ सेंमी कोरे. प्रश्न एकच: पट्टा काढून एक कॉलम करू की पट्टा ठेवून त्यातलं सामान कमी करू?"

या मजकुरात तिचं नाव नाही, नंबर नाही, 'क्लीन' आणि 'मॉडर्न'ही नाही. तीन उत्तरं आली आणि तिन्ही पट्ट्याबद्दलच होती, फाँट आवडला-नावडला असं कोणी लिहिलं नाही. दोघांनी पट्टा काढ म्हटलं, एकाने ठेव. मी काढ म्हणणाऱ्यांत आहे.

पुढच्या लेखांकात राहिलेले स्तंभ घेऊ. ज्यांना आपला रेझ्युमे दाखवायचा आहे त्यांनी पट्टीने मोजून असं वर्णन पाठवावं, सोबत एकच प्रश्न. फोटो पाठवलात तर मी तो उघडणार नाही.