दोन नकार आणि एक हो

‘आय डोन्ट नो नथिंग’ असं कोणी म्हटलं, की शिक्षक सांगतात, दोन नकारांचा होकार होतो. गणितात ते ठीक आहे. पण हे वाक्य ऐकून ‘म्हणजे याला काहीतरी माहीत आहे’ असं समजणारा इंग्रज शोधूनही सापडणार नाही. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत असा नकार रोज चालतो, तो नकार ठसवण्यासाठीच. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या सरदाराच्या सभ्यपणाचं वर्णन करताना एकाच वाक्यात चार नकार घातले आहेत. स्पॅनिशमध्ये तर आजही हीच शुद्ध रीत आहे.

पुढे लिखित इंग्रजीतून ही रीत मागे पडत गेली. अठराव्या शतकात रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणाने, दोन नकार एकमेकांना खोडतात, असा नियम नोंदवला आणि शाळांनी तो घट्ट धरला. त्यामुळे आज हे वाक्य अर्थाने चुकत नाही, प्रतिष्ठेने चुकतं. नोकरीच्या अर्जात ते महागात पडेल, एवढं खरं.

आपल्याला हा घोटाळा का होतो? ‘मला काहीच माहीत नाही’ यात नकार एकच आहे, तो ‘नाही’त. ‘काहीच’मध्ये नकार नाही. आपण मात्र ‘नथिंग’ला ‘काहीच’ समजून बसतो, तर त्याच्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. ‘काहीच’चा खरा जोडीदार ‘एनिथिंग’. म्हणून ‘आय डोन्ट नो एनिथिंग’ किंवा ‘आय नो नथिंग’, दोन्हींपैकी एक.

नकारार्थी प्रश्नात गडबड याहून मोठी. ‘पैसे भरले नाहीत का?’ असं विचारलं, तर आपण सहज म्हणतो, ‘हो, नाही भरले.’ आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इंग्रजीतला ‘येस’ त्या अंदाजाकडे बघत नाही, तो फक्त पैसे भरले की नाही एवढंच सांगतो. ‘हॅवन्ट यू पेड?’ला ‘येस’ म्हणजे भरले, ‘नो’ म्हणजे नाही भरले.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत यासाठी चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. सोळाव्या शतकात टॉमस मोर यांनी टिंडेल यांच्या बायबलच्या भाषांतरात ही विभागणी पाळली नाही म्हणून त्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. तरी शेवटी दोनच शब्द उरले. फ्रेंचांचा ‘सी’ आणि जर्मनांचा ‘डॉख’ मात्र अजून हेच काम करतात: ‘तुम्ही नाही म्हणता, पण आहे.’

म्हणून बँकेतून किंवा वकिलाकडून असा प्रश्न इंग्रजीत आला, तर नुसत्या ‘येस’वर थांबू नये. ‘आय हॅव पेड’ किंवा ‘आय हॅवन्ट पेड’ असं क्रियापदासकट सांगावं.