नळीत शिरताना बदलणारी माती

न्हावा-शेवा, उरणच्या किनाऱ्याला खाडीतल्या मऊ सागरी चिकणमातीचे जाड थर आहेत. अशा मातीवर भराव टाकायचा, तर आधी बोअरिंग होते. ठरलेल्या खोलीवर पातळ भिंतीची स्टीलची नळी मातीत दाबतात, वर काढून तिची टोके मेणाने बंद करतात आणि नळी प्रयोगशाळेत जाते. मातीची ताकद किती आणि ताठरता किती, म्हणजे भार पडल्यावर ती किती दबेल, याचे आकडे तिथे निघतात. मात्र नळीत शिरतानाच माती थोडी बदललेली असते आणि तो बदल या आकड्यांत उतरतो.

नळी आत जाताना तिच्या भिंतीएवढी माती बाजूला सरकावीच लागते. म्हणून भिंतीचे क्षेत्रफळ आतल्या नमुन्याच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के आहे, हे आधी पाहतात. ७६.२ मिमी बाह्य व्यासाच्या आणि १.६५ मिमी जाडीच्या नळीत ते साधारण ९ टक्के येते. एसपीटी चाचणीतल्या जाड भिंतीच्या नळीत तेच ११० टक्क्यांच्या आसपास जाते. मऊ मातीसाठी हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे.

तेवढ्याने माती सुटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मोहसेन बालिघ यांनी १९८०च्या दशकात नळीभोवती माती कशी सरकते, याचे गणित मांडले. नळीचे तोंड जवळ येताच मधली माती उभी दाबली जाते, आत शिरताना ताणली जाते आणि मग पुन्हा दाबली जाते. नेहमीच्या पातळ नळीतही ही विकृती सुमारे एक टक्क्यापर्यंत जाते आणि भिंतीलगतची माती तर त्याहून जास्त चिरडते. मऊ, संवेदनशील चिकणमाती बऱ्याचदा एक टक्का दबण्याच्या आतच आपली कमाल ताकद गाठते. म्हणजे तिच्या कणांची नैसर्गिक जुळणी चाचणीपूर्वीच बऱ्यापैकी मोडलेली असते.

नमुना वर आल्यावर त्यावरचा मातीचा भार नाहीसा होतो. तरी छिद्रांतल्या पाण्याची ओढ कणांना धरून ठेवते. चिरडणे, वाहतुकीतले हादरे आणि नळीतून नमुना बाहेर ढकलणे यांनी ही ओढ घटते. नमुना तसाच, पाणी न निघू देता दाबून तोडला, तर ताकद याच उरलेल्या ओढीवर अवलंबून असते. त्यामुळे ती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

मग जमिनीतला दाब पुन्हा देऊन चाचणी केली तर? इथे दुसरा घोटाळा होतो. जुळणी मोडलेली माती त्या दाबाखाली जास्त पाणी सोडते आणि मुळापेक्षा घट्ट होते. ताण-विकृतीच्या आलेखावरचे टोकदार शिखर बसते, सुरुवातीचा चढ मंद होतो, पण नमुना बराच दबल्यावर मिळणारी ताकद जमिनीतल्यापेक्षा जास्तही येऊ शकते. म्हणजे एकाच बिघाडाने ताठरता कमी दिसते आणि ताकद कधी कमी, कधी फसवी जास्त. एखादा सरसकट गुणक लावून हे दुरुस्त होत नाही.

नमुना किती बिघडला, हे मात्र याच सुटलेल्या पाण्यावरून कळते. समजा, नमुना ६ मीटर खोलीवरचा आहे, त्यात ७० टक्के पाणी आहे आणि कणांची सापेक्ष घनता २.७ आहे. माती पाण्याने पूर्ण भरलेली असेल, तर छिद्रांचे घनफळ कणांच्या १.८९ पट येते. त्या खोलीवरचा परिणामी दाब साधारण ३५ किलोपास्कल धरू. तेवढा दाब दिल्यावर हे गुणोत्तर १.७२ वर उतरले, तर घट ०.१७ झाली. तिला १.८९ ने भागले की ०.०९ येते. नॉर्वेच्या टॉम लून आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेल्या निकषानुसार, पूर्वी फारसा जादा भार न पाहिलेल्या मातीसाठी ०.०४ च्या आत नमुना उत्तम, ०.०७ पर्यंत चालण्याजोगा आणि ०.१४ पर्यंत खराब. आपला नमुना खराब गटात पडला. त्याच्या ताठरतेवरून भराव किती खचेल ते काढले, तर आकडा खऱ्याहून बराच वेगळा येऊ शकतो.

बिघडलेली जुळणी पुन्हा बसवता येत नाही, म्हणून काळजी नमुना घेतानाच घ्यावी लागते. कडेची धार बारीक हवी, नळी एकसंध गतीने दाबायला हवी आणि आत स्थिर पिस्टन असावा. व्यास मोठा असेल तितके बरे, कारण चिरडलेली कड तासून टाकता येते. कॅनडातला शेरब्रुक सॅम्पलर तर नळी न दाबता भोवती खाच कोरून २५० मिमी व्यासाचा ठोकळाच उचलतो, पण ते काम महाग आणि संथ असते. म्हणून ताकदीचा पडताळा बोअरमध्येच व्हेन चाचणीने घेतात, तर ताठरतेचा जमिनीतून कर्तन लहरी पाठवून. भूतांत्रिक अहवाल वाचताना ताकदीच्या आकड्यापूर्वी छिद्रांची ही घट नोंदवली आहे का, ते पाहावे. नसेल, तर त्या आकड्याचा भरवसा किती, हे ठरवायला आधारच उरत नाही.